घरातल्या वस्तू रचण्याचा खेळ: स्थिर हाताला गुण कसे द्यावेत?

गोदातीर (धागाकर्ता)

आमची सोसायटी नाशिकला गंगापूर रोडवर आहे. यंदा गणेशोत्सवातील स्पर्धांसाठी संगीतखुर्चीऐवजी हाताच्या स्थिरतेचा एक खेळ ठेवावा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. खेळणारे आठ वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांपर्यंत असतील. साहित्य प्रत्येक घरात असेल तेच वापरायचे, विकत काही आणायचे नाही, ही अट आम्ही स्वतःवरच घालून घेतली आहे.

सध्याचा आराखडा असा आहे. जमिनीवर चौघडी केलेला पंचा ठेवायचा आणि त्यावर पोळपाट. पोळपाटाच्या मधोमध सहा काडेपेट्या एकावर एक रचायच्या. प्रत्येक पेटी तीन प्रकारे ठेवता येते: आडवी, काडी ओढण्याच्या कडेवर, किंवा उभी. आडवीला १ गुण, कडेवर ठेवलेलीला २ आणि उभीला ३. पेटी एकाच हाताने ठेवायची, हात काढल्यावर सर्वांनी पाचपर्यंत मोजायचे आणि तोवर मनोरा उभा राहिला तरच गुण द्यायचे.

यात मला खटकते ते एवढेच, की मनोरा पडला किंवा उभा राहिला यापलीकडे आपल्याला काहीच मोजता येत नाही. एखाद्याने थरथरत्या हाताने पेटी आदळली आणि नशिबाने मनोरा टिकला, तर त्यालाही तेवढेच गुण मिळतात. म्हणून मी पोळपाटाच्या काठाजवळ दहा रुपयांचे एक नाणे कडेवर उभे करून पाहिले. हाताचा धक्का पोळपाटाला बसला की मनोरा पडण्याच्या कितीतरी आधी नाणे पडते. या नाण्याला आम्ही ‘साक्षीदार’ म्हणतो. नाणे उभे राहिले तर पेटीचे गुण दुप्पट करावेत, असा माझा विचार आहे. ही पद्धत खरोखर स्थिर हाताच्या बाजूने जाते का, आणि साक्षीदारावर कितपत भरवसा ठेवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

---

राणीकव्हर

उत्तम कल्पना. मात्र काडेपेट्यांपेक्षा कॅरमच्या सोंगट्या घ्याव्यात. सोंगट्यांची चळत मधोमध उभी करायची आणि काही अंतरावरून स्ट्रायकर मारून फक्त सर्वांत खालची सोंगटी बाहेर काढायची. वरच्या सोंगट्या जागेवरच उतरल्या तर पूर्ण गुण. आमच्या सिडकोतील मंडळात हा प्रकार मुले तासन्‌तास खेळतात आणि त्यात हाताची कसोटी नक्की लागते. पोळपाटाऐवजी कॅरम बोर्ड घेतला म्हणजे पावडर टाकून पृष्ठभागही एकसारखा करता येईल.

---

गोदातीर

आपण सांगता तो खेळ मलाही आवडतो, पण त्यात वेगळे कौशल्य लागते. टिचकी मारताना बोट सुटेपर्यंतचा नेम आणि जोर महत्त्वाचा असतो. एकदा बोट सुटले की हात थरथरला काय किंवा नाही काय, फरक पडत नाही. शिवाय खालची सोंगटी जितक्या वेगाने बाहेर जाईल तितक्या वरच्या जागेवर राहतात, म्हणजे तिथे जोरकस फटक्यालाच बक्षीस मिळते. मला वस्तू हातातून सोडतानाच्या त्या एक-दोन क्षणांतील स्थिरता मोजायची आहे.

---

टूलरूम_सातपूर

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाच्या कामात माझे बरेच आयुष्य गेले आहे, त्यामुळे साक्षीदाराची कल्पना वाचून आनंद झाला. कोणतेही मोजमाप वापरण्याआधी ते जुळवून घ्यावे लागते, आणि इथे नेमके तेच राहून गेले आहे.

आधी नाण्याविषयी. कडेवर उभी वस्तू किती अंशांनी कलल्यावर पडेल, हे तिची जाडी आणि व्यास यांच्या प्रमाणावरून ठरते. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे आणि जाडी दोन मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळे ते साधारण चार अंश कलले की पडते. कॅरमची सोंगटी सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाची आणि ७ ते ९ मिलिमीटर जाडीची असते, म्हणून ती कडेवर उभी केली तर चौदा-पंधरा अंशांपर्यंत तग धरते. सोंगटीची कड गोलसर असेल तर हा आकडा कमी होईल. लहान मुलांसाठी सोंगटी आणि मोठ्यांसाठी नाणे, असे दोन साक्षीदार ठेवता येतील.

आता जुळवणी. पहिली पेटी कोणीतरी शांतपणे, टेकवल्यासारखी ठेवावी. नाणे उभे राहिले पाहिजे. मग तीच पेटी बोटाच्या एका पेराएवढ्या उंचीवरून पोळपाटावर सोडावी. नाणे पडले पाहिजे. सोडल्यावरही नाणे पडत नसेल, तर पोळपाट फारच घट्ट बसला आहे, पंच्याची आणखी एक घडी वाढवावी. नुसती टेकवल्यानेही पडत असेल, तर घडी कमी करावी. या दोन कसोट्यांच्या मध्ये साक्षीदार बसला की तो आपल्या कामाचा झाला. स्पर्धेत दर तीन-चार खेळाडूंनंतर ही तपासणी पुन्हा करावी, कारण पंचा दबत जातो आणि सुरुवातीच्या खेळाडूंना कडक वाटलेला साक्षीदार नंतरच्यांसाठी सैल पडतो.

पोळपाट निवडलात हे योग्यच केलेत. त्याला तीन पाय असतात आणि तीन टेकू कोणत्याही ओबडधोबड जमिनीवर एकाच वेळी टेकतात. चार पायांचा जेवणाचा पाट घेतला असता तर तो स्वतःच्याच खोडीने डुगडुगला असता आणि दोष खेळाडूच्या हातावर आला असता.

काडेपेट्यांकडेही लक्ष द्या. काड्या काढून टाकल्या तर पेटी इतकी हलकी होते की पंख्याच्या वाऱ्यानेही सरकते. काड्या ठेवल्या तर पेटी उभी करताना त्या एका टोकाला घसरतात, तोल बदलतो, आणि मुलांच्या हाती काड्या देणे तसेही योग्य नाही. आतली खोकी वर्तमानपत्राच्या पट्ट्या गच्च दाबून भरावी आणि बाहेरच्या पुठ्ठ्याला आतून डिंकाने चिकटवावी. शाडू माती भरण्याचा मोह या दिवसांत होईल, पण ती वाळताना आकसते आणि आतल्या आत हलू लागते. पेटी कानाशी धरून हलवावी. आवाज आला तर ती बाद.

---

वेगवान_विंचूरकर

मला यात वेळेचा घटक घालावासा वाटतो. ज्याचा हात खरोखर स्थिर आहे तो पेटी चटकन ठेवतो. ज्याला भरवसा नाही तो घुटमळतो. त्यामुळे कमी वेळात सहा पेट्या रचणाऱ्याला जादा गुण दिले तर स्थिर हात आपोआप वर येईल. शिवाय प्रेक्षकांनाही मजा येईल, कारण एकेका पेटीला मिनिट-मिनिट लावणारा खेळाडू पाहणे कंटाळवाणे असते.

---

टूलरूम_सातपूर

विंचूरकर, आपला दुसरा मुद्दा मला मान्य आहे, पहिला नाही. हालचाल जितकी घाईची तितकी ती ठरल्या जागेपासून अधिक भरकटते. वेग आणि अचूकता यांतील हा व्यवहार पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये प्रयोगांनी मांडला आणि यंत्रकामातील प्रत्येक माणसाला तो हाताने ठाऊक असतो. वेळेला गुण दिले की खेळाडू थोडी स्थिरता विकून वेग विकत घेईल. मग गुणफलकावर जो आकडा येईल, त्यातून स्थिर हात कोणता आणि चपळ हात कोणता हे वेगळे काढता येणार नाही.

तरीही वेळेची मर्यादा हवीच, आणि तिचे कारण कंटाळ्यापुरते नाही. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक थरथरत असतो, आणि हात अधांतरी धरून ठेवला की स्नायू थकून ही थरथर वाढते. घुटमळणारा खेळाडू स्वतःचेच नुकसान करून घेतो, हे त्याला कळतही नाही. म्हणून पेटी उचलल्यापासून हात काढेपर्यंत सर्वांनी संथपणे वीसपर्यंत मोजावे. त्याआधी पेटी ठेवली तर जादा काही नाही, वीसपर्यंत ठेवली नाही तर त्या पेटीचे गुण नाहीत.

---

अनघा_गणित

धागाकर्त्यांच्या ‘दुप्पट’ पद्धतीतील अडचण आकड्यांनी दाखवते. समजा एकाचा हात इतका अस्थिर आहे की नाणे प्रत्येक वेळी पडते. त्याने सर्व पेट्या उभ्या ठेवल्या तर प्रत्येकी ३ गुण. दुसरीचा हात उत्तम आहे, तिने पेट्या आडव्या ठेवल्या आणि नाणे एकदाही पडू दिले नाही, तर तिला प्रत्येकी २ गुण. अस्थिर हात पुढे गेला. म्हणजे हा नियम थरथरणाऱ्या खेळाडूला ‘घाबरू नकोस, उभीच ठेव’ असे शिकवतो. गुणाकाराने धाडसाचा भाव वाढतो, स्थिरतेचा नाही.

स्थिरता एका पेटीत दिसतच नाही. एखादी पेटी कोणाकडूनही हळुवार ठेवली जाते; सलग सहा ठेवणे हेच अवघड आहे. म्हणून गुण सलगतेला द्यावेत. पेटीचे १, २ किंवा ३ गुण जसे आहेत तसे राहू द्यावेत. त्यावर ‘साखळी’ची भर घालावी: नाणे न पाडता ठेवलेल्या पहिल्या पेटीला १, लगेच पुढच्या तशाच पेटीला २, मग ३, मग ४, आणि त्यापुढे चारच. नाणे पडले की त्या पेटीला साखळीचा गुण शून्य आणि पुढची साखळी पुन्हा एकपासून. चारवर थांबवण्याचे कारण असे, की ज्याचे नाणे सुरुवातीलाच पडले त्यालाही पुढे काही आशा उरावी.

कडेवर ठेवलेल्या सहा पेट्यांचा हिशेब करून पाहू. नाणे एकदाही पडले नाही तर पेट्यांचे १२ आणि साखळीचे १+२+३+४+४+४ म्हणजे १८, एकूण ३०. चौथ्या पेटीला एकदाच पडले तर साखळीचे १+२+३+०+१+२ म्हणजे ९, एकूण २१. आणि सर्व पेट्या उभ्या ठेवणाऱ्या धाडसी खेळाडूचे नाणे एकाआड एक पडत गेले तर पेट्यांचे १८ आणि साखळीचे फक्त ३, एकूण तेही २१. म्हणजे एकदाच चुकलेला मध्यम खेळाडू आणि तीनदा चुकलेला धाडसी खेळाडू एका पायरीवर येतात, हे मला न्याय्य वाटते.

---

जुने_नाशिक

अनघाताई, हिशेब सुरेख आहे, पण त्यात एक पळवाट राहिली आहे. मी सहाच्या सहा पेट्या आडव्या ठेवीन. आडव्या पेट्यांचा मनोरा जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच होतो आणि तो पाडायला खास प्रयत्न करावे लागतात. मला पेट्यांचे ६ आणि साखळीचे १८ असे २४ गुण मिळतील, म्हणजे आपल्या दोन्ही खेळाडूंहून जास्त. सर्वांना हे कळले की स्पर्धेत निम्मे लोक चोवीसवर बरोबरीत येतील.

दुसरे असे, की प्रत्येकाचा मनोरा वेगळा ठेवण्यात मला रस वाटत नाही. सर्वांनी मिळून एकच मनोरा रचावा, ज्याच्या हातून पडेल तो बाद. यातली चुरस वेगळीच असते. लाकडी ठोकळ्यांचा १९८३ मध्ये बाजारात आलेला आणि आज जगभर खेळला जाणारा जेंगा हा खेळ याच तत्त्वावर चालतो.

---

अनघा_गणित

पळवाट बरोबर पकडलीत. ती बुजवायला एक वाक्य पुरेल: आडव्या पेटीने साखळी तुटत नाही, पण वाढतही नाही आणि तिला साखळीचा गुणही मिळत नाही. मग सर्व आडव्या ठेवणाऱ्याला फक्त ६ मिळतील. आडवी पेटी निरुपयोगी मात्र होणार नाही. मनोऱ्याचा माथा थोडा तिरका झाला असेल तर एक आडवी पेटी ठेवून तो सावरून घ्यायचा आणि साखळी पुढे चालू ठेवायची, हा विचार खेळाडूला करावा लागेल. नाणे पाडले तर मात्र आडव्या पेटीनेही साखळी तुटावी.

एकत्र मनोऱ्याविषयी माझे मत असे, की त्यात आधीच्या खेळाडूने मुद्दाम वाकडी ठेवलेली पेटी पुढच्याच्या गळ्यात पडते. तो डावपेच म्हणून ठीक आहे, पण मग आपण हात मोजत नाही, बसण्याची जागा मोजतो.

---

जुने_नाशिक

वाकडी पेटी सावरून घेणे हेही स्थिर हाताचेच काम आहे, त्यामुळे आपले म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही. तरी बक्षिसाची स्पर्धा असेल तर वेगळे मनोरे असू द्यावेत. घरी खेळताना आम्ही एकच रचू.

एक व्यावहारिक सूचना. आमचा वाडा सराफ बाजाराजवळ आहे आणि माडीची जमीन लाकडी तुळयांवरची आहे. तिथे कोणी जिना चढला तरी नाणे आडवे होते. खाली शहाबादी फरशीवर मात्र शेजारून माणूस गेला तरी ते हलत नाही. खेळ तळमजल्यावरच ठेवावा आणि ढोल-ताशाचा सराव जवळपास चालू असताना मुळीच ठेवू नये.

---

सुनंदा_इंदिरानगर

मी हा धागा वेगळ्या कारणासाठी वाचत आहे. माझ्या आईचे वय ७४ आहे आणि काही वर्षांपासून तिच्या हातांना कंप आहे. कप उचलताना, सुईत दोरा ओवताना तो वाढतो. हात मांडीवर असताना जवळजवळ नसतो. तिची बुद्धी तल्लख आहे, पत्त्यांत ती आजही कोणाला जिंकू देत नाही, आणि सोसायटीच्या प्रत्येक स्पर्धेत भाग घेण्याची तिची इच्छा असते. आपण इथे जो खेळ घडवत आहात, त्यात तिला पहिल्याच पेटीला हसे झाल्यासारखे वाटेल. अशा व्यक्तींसाठी काही सोय करता येईल का? की त्यांनी प्रेक्षकांतच बसावे? हा खेळ रोज खेळल्याने कंप कमी होईल का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

---

टूलरूम_सातपूर

सुनंदाताई, कंप कमी होईल का हे आईंना तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील. कंपाचे प्रकार वेगवेगळे असतात, काहींत हात स्वस्थ असताना तो जास्त दिसतो आणि काहींत काम करताना. खेळाकडून उपचाराची अपेक्षा ठेवू नये.

सोय मात्र करता येते. धागाकर्त्यांच्या नियमांत कोपर टेकवावे की नाही याचा उल्लेखच नाही, आणि या खेळात सर्वांत मोठा फरक त्यानेच पडतो. कोपर आणि मनगट टेकलेले असले की खांद्यापासून येणारी हालचाल बोटांपर्यंत फारच कमी पोहोचते. नक्षीकाम करणारा कारागीर करंगळी कामावर टेकवूनच हत्यार चालवतो. म्हणून नियम असा करावा: सर्वसाधारण गटात कोपर अधांतरी, साठ वर्षांवरील आणि ज्यांना गरज आहे अशा सर्वांना पोळपाटाला न लागणाऱ्या उशीवर किंवा डब्यावर कोपर टेकवण्याची मुभा. त्यांच्यासाठी साक्षीदार नाण्याऐवजी सोंगटी असावी. जमिनीवर बसणे कठीण असेल तर पोळपाट जड टेबलावर ठेवावा, घडीच्या टेबलावर नको.

---

सुनंदा_इंदिरानगर

कोपराखाली पोळ्यांचा डबा आणि त्यावर उशी ठेवून आईला बसवले. कडेवरच्या दोन पेट्या सोंगटी न पाडता बसल्या, तिसरीला सोंगटी पडली. तिने लगेच विचारले, की एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरले तर चालेल का. मला याचे उत्तर देता आले नाही.

---

गोदातीर

आईंचा प्रश्न रास्त आहे. मनगट धरले तरी पेटी एकाच हाताने ठेवली जाते, त्यामुळे टेकूच्या गटात ते चालावे असे मला वाटते. इतरांचे मत निराळे असेल तर जरूर लिहावे.

काल रात्री मजल्यावरील तीन घरांनी अनघाताईंच्या नियमांनी एक फेरी खेळून पाहिली. त्यात मी एक भर घातली: कोणतीही पेटी उचलण्याआधी खेळाडू ‘बस’ म्हणून थांबू शकतो. मनोरा पडला तर आधी ठेवलेल्या पेट्यांचे गुण राहतात, पण साखळीचे सर्व गुण जातात.

पहिली खेळाडू महाविद्यालयात शिकणारी मुलगी होती. तिने चार पेट्या कडेवर ठेवल्या आणि नाणे एकदाही पडले नाही. पेट्यांचे ८ आणि साखळीचे १+२+३+४ म्हणजे १०, एकूण १८. इथे ती बराच वेळ विचार करत राहिली. पाचवी पेटी उभी ठेवली आणि सगळे नीट झाले तर ३ आणि ४ असे ७ गुण मिळून २५ होणार होते. मनोरा पडला तर १८ वरून थेट ८ वर यायचे होते. म्हणजे मिळवायचे ७ आणि गमवायचे १०. हे धाडस परवडण्यासाठी दहापैकी सहा वेळा तरी पेटी उभी राहील असा भरवसा हवा. तिने मधला मार्ग काढून पाचवीही कडेवर ठेवली. पेटी टेकली, पण सोडताना अंगठा पेटीच्या कागदाला किंचित चिकटला, पेटी केसभर ओढली गेली, मनोरा झुलून स्थिरावला आणि नाणे पडले. पेटीचे २ मिळाले, साखळी तुटली, एकूण २० वर तिने ‘बस’ म्हटले.

हा चिकटण्याचा प्रकार मग मी सर्वांच्याच हातांत पाहिला. पेटी खाली येताना हात बहुधा स्थिर असतो. बिघडते ती बोटे सोडतानाची क्रिया. दोन्ही बोटे एकाच वेळी न उघडता एक आधी उघडले की दुसरे बोट पेटीला ढकलते. दमट हवेत आणि घामट बोटांनी हे वाढते. कोरड्या फडक्याला बोटे पुसून खेळणाऱ्यांचे नाणे कमी वेळा पडले.

दुसरे खेळाडू शेजारचे काका. त्यांनी पहिल्या तीन पेट्या उभ्या ठेवल्या, तिन्ही वेळा नाणे उभे, ९ आणि ६ मिळून १५. चौथीला मनोरा आडवा झाला आणि ९ उरले. तिसरी खेळाडू नऊ वर्षांची मुलगी. तिने कडेवर, आडवी, कडेवर, आडवी, कडेवर असा क्रम धरला. सोंगटी एकदाही पडली नाही. पेट्यांचे ८ आणि साखळीचे १+२+३ म्हणजे ६, एकूण १४ वर ती थांबली. काकांचे म्हणणे असे, की अधिक अवघड काम करूनही ते मुलीच्या मागे राहिले हे अन्यायाचे आहे.

---

वेगवान_विंचूरकर

काकांची बाजू मला पटते. उभ्या तीन पेट्या नाणे न पाडता ठेवणे हे पाच सोप्या पेट्यांपेक्षा मोठे काम आहे. मनोरा पडल्यावर साखळीचे निम्मे गुण तरी राहावेत. तसे केले असते तर काकांचे १२ झाले असते.

---

अनघा_गणित

निम्मे ठेवले तर पाचव्या पेटीपाशी त्या मुलीने जो विचार केला तो राहणारच नाही. तिला गमवायचे १० ऐवजी ५ झाले असते आणि दहापैकी चारदा-पाचदा यश आले तरी धाडस परवडले असते. स्थिर हात म्हणजे आपला हात कुठवर स्थिर आहे हे ओळखणेही आहे, आणि काकांनी १५ वर ‘बस’ म्हटले असते तर तेच पुढे होते. मी पूर्ण गुण जाण्याच्या बाजूने आहे. मात्र नाणे आणि सोंगटी यांवर खेळणाऱ्यांचे गुण एकाच फलकावर लिहू नयेत. काकांची तक्रार खरी आहे ती या ठिकाणी.

---

राणीकव्हर

धागा सुरुवातीपासून पुन्हा वाचला आणि आता खेळ नीट समजला. सोंगट्या नकोत हे मान्य, पण साक्षीदाराबाबत एक सुचवतो. दहा रुपयांचे नाणे गोल असल्याने पोळपाट जरासा उतरता असला तरी ते घरंगळते, आणि घरंगळून पडले की हाताने पडले, यावरून आमच्याकडे काल वाद झाला. वीस रुपयांचे नाणे बारा बाजूंचे असते. ते एका बाजूवर उभे केले की घरंगळत नाही, पडले तर कुशीवरच पडते. व्यास तोच, २७ मिलिमीटर.

---

टूलरूम_सातपूर

फार उपयुक्त सूचना आहे. मी लगेच करून पाहिले; नाणे सपाट बाजूवर चांगले बसते आणि वापरून कोपरे झिजले नसतील असे निवडावे. दहाऐवजी वीसचे नाणे घेतल्यावर पेरभर उंचीवरून पेटी सोडण्याची कसोटी पुन्हा घ्यावी, कारण पंच्याची घडी या नाण्यासाठी वेगळी लागू शकते. नाण्याची छापाची बाजू खेळाडूकडे राहील असे ते उभे करावे. पुढून येणाऱ्या हाताचा धक्का पोळपाटाला मागे-पुढे कलवतो आणि नाणे त्याच दिशेने पडते. नाणे काटकोनात फिरवून ठेवले तर तोच धक्का त्याला जाणवणारही नाही.

---

जुने_नाशिक

पडलेले नाणे पुन्हा उभे कोणी करायचे, हे अजून कोणी लिहिलेले नाही. माझ्या मते ज्याने पाडले त्यानेच, पुढची पेटी उचलण्याआधी, आणि ते करताना मनोरा पडला तर तो त्याच्याच खात्यावर.

---

गोदातीर

हे मान्य. टेकूच्या गटात मात्र पंचांनी नाणे किंवा सोंगटी उभी करून द्यावी. वीसचे नाणे, वेगळे फलक, वीसपर्यंतची मोजणी आणि साखळी असे नियम उद्या फलकावर लावतो. मनोरा पडल्यावर साखळीचे किती गुण राहावेत यावर आमच्या समितीतही दोन तट पडले आहेत. लहान गटात निम्मे आणि मोठ्या गटात शून्य, असे दोन्ही प्रकार यंदा खेळवून पाहणार आहोत. सुनंदाताई, आईंचे नाव टेकूच्या गटात लिहून घेतले आहे आणि मनगट धरण्यास परवानगी आहे.

---

सुनंदा_इंदिरानगर

आईला सांगितले. तिचा पुढचा प्रश्न असा आहे, की डबा तिने स्वतःच्या उंचीचा आणला तर चालेल, की सर्वांना एकाच उंचीचा मिळेल?